दोन रेघा दिसण्याआधी

बसा दोघंही. आईंना बाहेर बसवलंय त्याचं मनाला लावून घेऊ नका, त्यांच्याशी मी नंतर निवांत बोलणार आहे. पण आधी तुमच्याशी. लग्नाला दोन महिने झाले, काही दुखत-खुपत नाही, आणि तरी तुम्ही आपणहून दवाखान्यात आलात, याचा मला फार आनंद झाला. इथे राहात्यात माझ्याकडे नवी जोडपी येतात ती बहुतेक दोनच कारणांनी. दिवस गेलेत म्हणून, नाहीतर दिवस जात नाहीत म्हणून. मूल हवंय, पण अजून काही घडलेलं नाही, त्याआधी काय करू, असं विचारायला येणारी जोडपी बोटावर मोजण्याइतकी.

हे ‘आधी’ एवढं का महत्त्वाचं, ते आपण या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच बघू. समज पोरी, तुझी पाळी १ जूनला आली. नियमित अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर १४-१५ जूनच्या सुमारास बीज सुटतं आणि गर्भ राहतो. तुला त्याचा पत्ताही नसतो. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी, ती येत नाही. चार-पाच दिवस तू वाट बघतेस. लग्नाची दगदग झाली, उन्हाळा होता, म्हणून पुढे गेली असेल. मग मेडिकलमधून किट आणतेस, दोन रेघा दिसतात. आता जुलैची ४-५ तारीख उजाडली. घरात आनंद होतो, पण लगेच कुणी दवाखान्यात आणत नाही. ‘दोन महिने पूर्ण होऊ दे, मग दाखवू’ असं म्हणतात. म्हणजे तू माझ्यासमोर येतेस ती जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टमध्ये.

आता याच दिवसांत आत काय चाललंय ते बघ. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका चपट्या पट्टीसारखे असतात. ती पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते, कडा एकमेकींना मिळतात आणि एक नळी तयार होते. या नळीचं वरचं टोक मिटलं की पुढे मेंदू आणि कवटी नीट घडते, खालचं टोक मिटलं की मणका. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत हे काम संपतं. म्हणजे आपल्या हिशेबात १३ जुलैला. किट लावल्यानंतर जेमतेम आठवड्याने, आणि तू माझ्याकडे यायच्या दोन-तीन आठवडे आधी.

नळी वरून उघडी राहिली तर कवटीच तयार होत नाही, ते बाळ जगत नाही. खालून उघडी राहिली तर पाठीवर गाठ घेऊन बाळ जन्मतं. पायात ताकद नसते, लघवी-संडासवर ताबा नसतो, डोक्यात पाणी साठतं, एकामागून एक ऑपरेशनं करावी लागतात. सोनोग्राफीत हे दिसतं. वरचा दोष साधारण तिसऱ्या महिन्यात, खालचा बहुतेक वेळा पाचव्या महिन्याच्या आसपास. पण दिसतं तेव्हा दुरुस्तीची वेळ केव्हाच टळलेली असते. अशा सोनोग्राफीनंतर आईबापांना समोर बसवून सांगावं लागतं, तेव्हा जवळजवळ प्रत्येक आई एकच विचारते, ‘डॉक्टर, पहिल्या तपासणीपासून गोळ्या घेतल्या होत्या ना मी?’ तिने खरोखर घेतलेल्या असतात. त्या सुरू झाल्या तेव्हा नळी मिटायची मुदत संपलेली असते, एवढंच.

ही गोळी म्हणजे फॉलिक अॅसिड. या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक तीव्र रक्तक्षय होत होता, त्यात काही दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळलं की यीस्टचा अर्क दिला की या बायका सुधारतात. हे त्यांनी १९३१मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं नेमकं द्रव्य दहा वर्षांनी, १९४१मध्ये, पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. गर्भाच्या नळीशी त्याचा संबंध पक्का सिद्ध व्हायला मात्र १९९१ साल उजाडलं. ज्यांना आधी असा दोष असलेलं बाळ झालं होतं, अशा सात देशांतल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून गोळ्या दिल्या. काहींना फॉलिक अॅसिड असलेल्या, काहींना नसलेल्या. पुन्हा तोच दोष आला अशी २७ बाळं होती. त्यातली २१ फॉलिक अॅसिड न मिळालेल्या गटांतली आणि फक्त ६ मिळालेल्या गटांतली. फरक एवढा ठळक होता की अभ्यास मध्येच थांबवून निकाल जाहीर केला. त्या सहा बाळांकडेही लक्ष द्या. गोळीने धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून गोळी घेतली तरी सोनोग्राफी चुकवायची नाही.

तू मघाशी म्हणालास ना, ‘आमची पेरूची बाग आहे, पालेभाजी घरची आहे, मग गोळी कशाला?’ चांगला प्रश्न आहे. पेरूत फॉलेट खरंच असतं, १०० ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. पण आपल्याला गोळीतून रोज ४०० मायक्रोग्रॅम हवं असतं, आणि गोळीतलं जेवढं अंगाला लागतं तेवढं अन्नातलं लागत नाही. तो फरक धरला तर एका गोळीऐवजी तिला रोज किलोभराहून जास्त पेरू खावे लागतील. राहात्याचे पेरू कितीही गोड असले तरी हे रोज जमणारं नाही. मेथी, पालक, शेपू, मूग, हरभरा, शेंगदाणे यांतही ते आहे. पण भाजी उकळून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंच पाण्याबरोबर जातं, जास्त शिजवलं की उष्णतेने नाश पावतं. तेव्हा भाजी झाकून, थोड्या पाण्यात शिजवा, पेरू जेवणासोबत खा, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोहसुद्धा चांगलं शोषलं जातं. आणि हे सगळं करून शिवाय गोळी घ्या.

किती दिवस आधी? निदान एक महिना तरी. माझा आग्रह तीन महिन्यांचा असतो, कारण रक्तातल्या पेशींमध्ये पुरेसा साठा व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिने चालू ठेवायची.

मात्र मेडिकलमध्ये नुसतं ‘फॉलिक अॅसिड द्या’ म्हणालात तर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडेल. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, म्हणजे लागते त्याच्या साडेबारा पट. ती मोठी गोळी काही ठरावीक बायकांसाठी आहे. जिला आधी असं बाळ झालंय, जिच्या किंवा नवऱ्याच्या घरात हा दोष आहे, जिला आधीपासून मधुमेह आहे, जी फिटची औषधं घेते. फिटच्या औषधांतलं व्हॅल्प्रोएट तर गर्भाला फार घातक आहे. ते चालू असेल तर आधी मेंदूच्या डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं, मनाने बंद करायचं नाही, नाहीतर फिट येते. तुझ्याकडे यातलं काहीच नाही, हे मी मघाशी विचारून घेतलं. त्यामुळे तुला लहान गोळी पुरे.

‘जास्त घेतली तर बिघडलं कुठे’ असं लोक म्हणतात. त्याचं उत्तर पुण्यात मिळालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिथे दर तीन गरोदर बायकांपैकी जवळजवळ दोघींच्या अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. ही दोन जीवनसत्त्वं शरीरात जोडीने काम करतात, एक वाढवून दुसरं उपाशी ठेवलं तर काम अडतं. शिवाय नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. बी-१२ पालेभाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. तुमचं घर माळकरी, अंडंसुद्धा येत नाही, आणि तू म्हणतेस दूध फक्त चहापुरतं. म्हणून तुझं बी-१२ तपासायला पाठवते आहे. कमी निघालं तर त्याची गोळी जोडीने सुरू करू. दूध-दही तर आजपासूनच वाढव, घरी गाय असताना सगळं दूध डेअरीला घालायचं नाही.

आता हा तुझा रक्ताचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ९.६ आलंय. गरोदर नसलेल्या बाईचं १२ तरी असायला हवं. तू म्हणशील, मला तर काही होत नाही. हळूहळू कमी झालं की शरीर सवय करून घेतं. पण जिना चढताना धाप लागते हे तू सांगितलंस, ते यामुळेच. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आणखी उतरतं. ९.६वर सुरुवात केलीस तर सातव्या-आठव्या महिन्यात धावपळ होईल, बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं तरी जिवावर बेतू शकेल. आत्ता हातात वेळ आहे.

रिपोर्टमधले आणखी दोन आकडे मी बघते. लाल पेशींचा आकार, एमसीव्ही, ७२ आहे. म्हणजे पेशी लहान आहेत. आणि पेशींची संख्या ४० लाख, म्हणजे तीही जास्त नाही. हे लोहाच्या कमतरतेचं चित्र आहे. पेशी लहान, पण संख्या मात्र पन्नास-पंचावन्न लाख, असं दिसलं असतं तर मला थॅलेसेमियाचा संशय आला असता. तो एका जोडीदारात असला तर त्याला स्वतःला फारसा त्रास नसतो. दोघांतही असला तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता की मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागेल. म्हणून गोळ्या सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा रक्त तपासू. साधारण एक ग्रॅम वाढलं पाहिजे. नेमाने गोळ्या घेऊनही वाढलं नाही तर एचपीएलसी नावाची तपासणी करू, आणि तुझ्यात काही निघालं तर लगेच यालाही बोलावू.

गोळी कोणती? सरकारी दवाखान्यात मिळते ती लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. तुला रोज दोन घ्यायच्या आहेत, सकाळी एक आणि रात्री एक. म्हणजे फॉलिक अॅसिड त्यातच आलं, सध्या वेगळी गोळी नको. हिमोग्लोबिन १२च्या पुढे गेलं की लाल गोळी आठवड्याला एकच राहील, आणि घोटाळा इथेच होतो. आठवड्याच्या एका गोळीतलं फॉलिक अॅसिड गर्भासाठी पुरत नाही. तेव्हापासून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी सुरू करायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

लाल गोळी जेवणानंतर घेतलीस तरी चालेल, मळमळ कमी होते. पण चहा तिच्या आगेमागे तासभर नको, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. संडास काळी होईल, घाबरू नकोस. आणि जंताची एक गोळी, अल्बेन्डाझोल, आज रात्रीच घेऊन टाक. ती गर्भ राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, म्हणून आत्ताच.

आणखी एक विचारते, खरं सांग. सकाळी मिश्री लावतेस? लाजू नकोस, आपल्याकडे घरोघरी चालतं. ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरड्यांतून थेट रक्तात जाते आणि बाळाचं वजन कमी करते. आज बंद. आणि तू रे, खिशात पुडी दिसतेय मला. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे दिवाळीत जे कामी येणार ते पावसाळ्यात घडतंय. तंबाखू सोड, बागेत फवारणी करताना तोंडाला रुमाल पुरत नाही, मास्क आणि हातमोजे घाल, आणि फवारणीचे कपडे हिच्या हातून धुवून घेऊ नकोस. तुझंही रक्त आज घेणार आहे. रक्तगट, एचआयव्ही, बी कावीळ, गुप्तरोग. हे दोघांचंही असतं, संशय म्हणून नाही.

आता लसी. यातली एक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, रुबेलाची. रुबेलाला कुणी जर्मन गोवर म्हणतं. मोठ्या माणसाला थोडा ताप, तीन दिवस बारीक पुरळ, कानामागे गाठी, कधी तर काहीच नाही. पण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर दहापैकी नऊ बाळांपर्यंत इजा पोहोचू शकते. बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाला छिद्र. तू म्हणालीस, ‘मला लहानपणी गोवर येऊन गेलाय.’ गोवर वेगळा, रुबेला वेगळा. अंगावर पुरळ आलं की आपल्याकडे त्याला गोवरच म्हणतात, त्यामुळे या आठवणीवर मी विसंबत नाही. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ला सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तुझ्या धाकट्या बहिणीला ती शाळेत मिळाली, तुझं वय तेव्हा पंधराच्या पुढे गेलेलं. तुझ्या वयाच्या बहुतेक मुली या फटीतून निसटल्या आहेत. माहेरी लसीचं कार्ड शोध. त्यात एमएमआर किंवा एमआर अशी नोंद सापडली तर प्रश्न मिटला. नाहीतर तपासणीत पैसे न घालवता सरळ एमएमआर घेऊ.

ही जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूंची लस आहे. म्हणून पाळीच्या दिवसांत ये, म्हणजे गर्भ नाही याची खात्री असते. त्यानंतर २८ दिवस गर्भ राहू द्यायचा नाही. कांजिण्यांचं तसंच. पण कांजिण्या झाल्या की घरात सगळ्यांना पक्क्या आठवतात, तुझ्या अंगावर वण दिसताहेत, त्यामुळे तुला ती लस नको. झाल्या नसत्या तर दोन डोस, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटच्या डोसनंतर पुन्हा महिनाभर थांबणं. बी कावीळची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात २०११ला आली, म्हणजे तुझ्या बाळपणी बहुधा मिळालेली नाही. रिपोर्ट चांगला आला की तिचे तीन डोस सुरू करू, पहिला तेव्हाच, मग महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ती जिवंत लस नाही, मध्येच दिवस गेले तरी चालते. धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणात देऊच, त्याची आत्ता चिंता नको.

मग एकूण हिशेब असा की रक्त भरायला तीन महिने, आणि लसीचा महिना त्यातच बसतो. तोवर निरोध वापरा. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन घेऊ नका. ते उत्तम साधन आहे, पण थांबवल्यावर पुन्हा दिवस जायला कित्येक महिने लागू शकतात, आणि तुम्हाला दिवाळीच्या सुमारास दिवस जायला हवे आहेत. बाहेर बसलेल्या आईंना हे तीन-चार महिने फार वाटणार, ‘पाळणा कधी हलायचा’ असं विचारणार. त्यांना मी हा ९.६चा रिपोर्ट दाखवते. सुनेचं रक्त कमी आहे हे कळल्यावर आजवर कुठलीच सासू माझ्याशी भांडलेली नाही, उलट त्याच डबा भरून पाठवतात. आपल्या शेजारी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर आणि पेठ तालुक्यांत, मूल हवं असणाऱ्या बायकांना गर्भ राहण्याआधीच तपासायचा प्रयोग सरकारी आरोग्यसेवेतून झाला आहे. त्यामुळे मी काही जगावेगळं सांगत नाही, हेही त्यांना सांगेन.

आता शेवटचं, आणि हे दोघांनीही नीट ऐका. लस घेतल्यावर २८ दिवसांच्या आत चुकून दिवस गेले, तर कुणाच्या तरी सांगण्यावरून गर्भ पाडायच्या गोळ्या आणू नका. नकळत गरोदरपणात ही लस मिळालेल्या शेकडो बायकांचा पाठपुरावा झालेला आहे. रुबेलामुळे जन्मणाऱ्या बाळात दिसतात तसे दोष त्यांच्या बाळांत आढळले नाहीत. थांबायचं ते केवळ खबरदारी म्हणून. पाळी चुकली की आठवडाभराच्या आत माझ्याकडे या, दोन महिने भरायची वाट बघू नका, आणि येईपर्यंत लाल गोळी चालूच ठेवा. आता जरा आईंना आत बोलवा.